मदत हवी आहे : घरचं कंपोस्ट आणि शेणखत घातल्यावर टोमॅटोची रोपं करपली

रेवा_कुंडीवाली
बारा इंची चार कुंड्या भरल्या. खाली शेणखताचा चार बोटं जाड थर, वर निम्मी माती आणि निम्मं घरचं कंपोस्ट. कंपोस्ट चाळीस दिवसांचं, दिसायला काळं. शेणखत वरून कोरडं होतं, फोडल्यावर आत हिरवट ओलं निघालं, पण मी दुर्लक्ष केलं. वीतभर उंचीची टोमॅटोची रोपं लावली. आठव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, खालची पानं पिवळी पडली. पाणी घातलं की काळी बारीक चिलटं उठतात. एका कुंडीत पांढऱ्या जाड अळ्याही सापडल्या. खत जास्त झालं की कीड लागली?

माळी_नाना
पहाटे, ऊन यायच्या आत, कुंडीत बोट खुपसून बघा. आत कोमट लागतंय का? वास कसा येतो?

शेवंती७
शेणखत उष्णच असतं हो. भरपूर पाणी सोडा, खालून वाहून जाऊ द्या. उष्णता धुऊन निघते. माझी झाडं अशीच वाचली.

रेवा_कुंडीवाली
नाना, कोमट आहे आणि वास नाकाला झोंबतो.

माळी_नाना
मग कीड नंतरची. तुमचं खत अजून कुजायचं थांबलेलं नाही, ते कुंडीतच कुजतंय. झोंबणारा वास अमोनियाचा. तो मुळांची टोकं जाळतो, मग पाणी असूनही झाडाला पिता येत नाही आणि पानं कडेपासून सुकतात. शिवाय अर्धवट कुजलेला काडीकचरा मातीतला नत्र स्वतःसाठी ओढतो, म्हणून खालची पानं पिवळी.
शेवंतीताईंचं अर्धं बरोबर आहे. खत पूर्ण मुरलेलं असेल आणि नुसते क्षार वाढले असतील, तर पाणी सोडून धुणं हाच उपाय. इथे मात्र ओल्या शेणात आणखी पाणी घातलं तर हवा कोंडेल आणि मुळं सडतील.
रोपं आजच संध्याकाळी काढा. मुळांना चिकटलेलं खत हलक्या हाताने झटका, साध्या मातीत लावा आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवा. नवं पान फुटेपर्यंत कसलंच खत नको.

गुलाबप्रेमी
माझ्या गुलाबालाही शेणखत घालतो, पण कळ्याच येत नाहीत. काय घालू?

माळी_नाना
ऊन किती तास मिळतं ते आधी बघा. वेगळा धागा काढलात तर सविस्तर बोलू.

रेवा_कुंडीवाली
काढली. एका रोपाची मुळं पूर्ण तपकिरी, ते गेलं. तिघांची आतली मुळं पांढरी आहेत. आता उरलेलं खत वापरण्याजोगं झालं हे कसं ओळखू? रंग बघून फसले मी.

माळी_नाना
रंगावर जाऊ नका. मूठभर खत पिळलेल्या फडक्याइतकं ओलं करून बरणीत घट्ट बंद करा, तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर पावसाने भिजलेल्या मातीसारखा वास आला तर ठीक. आंबट किंवा झोंबरा आला तर परत ढिगात.
मग मोहरी पेरून बघा. दहा दाणे साध्या मातीत, दहा निम्मं खत मिसळलेल्या मातीत.

रेवा_कुंडीवाली
सहा दिवसांनी लिहितेय. बरणीचा वास आंबट. साध्या मातीत ९ दाणे उगवले, खताच्या मातीत ३, आणि त्यांचीही मुळं टोकाला तपकिरी. चिलटं अजून आहेत.

माळी_नाना
म्हणजे खत आणखी दोनेक महिने ढिगात राहू द्या, अधूनमधून उलटत. शेण फोडून वेगळं कुजवा, आतला हिरवटपणा पूर्ण जायला हवा. पुढे कुंडी भरताना सगळं खत मिळून चौथा हिस्सा, तेही मिसळून. थर नको. वरखत द्यायचं तर दोन मुठी, खोडापासून चार बोटं लांब, आणि वर मातीचा पातळ थर.
चिलटांच्या अळ्या वरच्या ओल्या मातीत वाढतात. वरचा बोटभर थर सुकल्याशिवाय पाणी देऊ नका, रोपं मात्र कोमेजू देऊ नका. आठवड्यात एकदम जाणार नाहीत, अंड्यांतून नवी निघत राहतात.

शेवंती७
आणि त्या पांढऱ्या अळ्या? हुमणीच ती, चेचून टाका!

माळी_नाना
सरसकट नको. सपाट फरशीवर ठेवून बघा. पाठीवर उताणी होऊन सरपटली तर ती बहुतेक कुजका पाला खाणारी, तिला ढिगात सोडा. हुमणी कुशीवर वळून पडते, मुळं खाते. पण ढिगात वाढणाऱ्या आणखी जाती तशाच वळतात, त्यामुळे नुसतं वळली म्हणून हुमणीच असं नाही.

रेवा_कुंडीवाली
सहा उताण्या सरपटल्या, दोन नुसत्या वळून पडल्या. त्या दोघी डबीत आहेत.

शेवंती७
मी तर चेचल्या असत्या.