मदत हवी आहे : ‘गुदमरण्याचा धोका’ एवढे पुरेसे आहे का?

नाशिकमधील एका लघुउद्योजकाच्या लाकडी खेळण्यातल्या गाडीच्या खोक्यावरील इशाऱ्यांचे मी मराठी भाषांतर करत आहे. पहिला इशारा सुट्या चाकांविषयी आहे : ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात न दाबता पूर्ण मावणारा भाग तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतो. दुसरा इशारा प्लास्टिकच्या पिशवीविषयी असून, ती नाकातोंडाला चिकटली की श्वास कोंडतो. दोन्हींना ‘गुदमरण्याचा धोका’ म्हटले, तर पालक पिशवी फेकून निर्धास्त होतील आणि चाक बाळाच्या हाती राहील. म्हणून पहिल्यासाठी मी ‘लहान भाग घशात अडकू शकतात, ३ वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असे लिहिले आहे. तरीही हे वय अनेकांना बुद्धीची पायरी वाटते (‘आमचा हुशार आहे हो,’ असे म्हणत माझ्या जाऊबाईंनी दीड वर्षाच्या मुलाला तीच गाडी दिली!). दोनच ओळींच्या जागेत हा गैरसमज टळेल, अशी वाक्यरचना कोणी सुचवू शकेल का?