प्रतिसाद: पावसाळ्यानंतर हरवलेल्या सळया

> "काठाची धूप मोजायला वाशिष्ठी नदीकाठी बसवलेल्या सहा सळयांपैकी दोन सापडत नाहीत. त्या वगळून सरासरी काढू का?"

वगळू नका, कारण जिथे काठ सर्वात जास्त ढासळला तिथलीच सळई जाते. ती काढली की सरासरी खोटी कमी येते. आधी मेटल डिटेक्टर फिरवून बघा. कधी सळई जागेवरच असते, वरून ढासळलेल्या मातीने नुसती झाकलेली असते.

तिथे नसेलच, तर हिशेब असा: ६० सेंमीची सळई ५ सेंमी बाहेर ठेवून आडवी ठोकली होती, म्हणजे ५५ सेंमी मातीत होती. नोंद "किमान ५५ सेंमी" अशी करा. खरा आकडा काठामागच्या खुंट्यांवरून मिळतो. समजा, मे महिन्यात खुंटीपासून काठाची कड ८.४० मीटरवर होती आणि आता ७.२५ वर आहे, तर कड १.१५ मीटर मागे सरली. टेप आडवी, ताणून धरा आणि दोन खुंट्यांच्या रेषेतच मोजा. तिरकी गेली की अंतर उगाच वाढते.

मात्र कड आणि काठाचा उभा चेहरा एकाच वेळी सरत नाहीत. पूर तळ पोखरतो, वरची कड तशीच लोंबकळत राहते आणि पाणी झपाट्याने उतरल्यावर भिजून जड झालेला काठ एकदम कोसळतो. म्हणून मोजणी पूर ओसरल्यावर लगेच आणि पुन्हा ऑक्टोबरात करा. लोंबकळत्या कडेवर मात्र उभे राहू नका.

उरलेल्या सळयांपैकी एखादी ५ ऐवजी ३ सेंमीच बाहेर दिसली, तर तिथे गाळ साचला आहे किंवा वरची माती घसरली आहे. उणे २ असेच लिहा, शून्य करू नका.