ग्रॅच्युइटी आणि पीएफ: तुमची नोकरी कोणत्या तारखेपासून मोजली?

रबाळे_स्टोअर

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत स्टोअरला होतो. 28 फेब्रुवारी 2025 ला नोकरी सोडली. फुल अँड फायनलचा कागद हातात आला तेव्हा ग्रॅच्युइटीसमोर 1,20,000 हा आकडा होता. घरी येऊन चहा होईपर्यंत मी तो कागद चार वेळा वाचला, कारण माझ्या डोक्यात वेगळा आकडा होता.

शेवटचा बेसिक आणि डीए मिळून 20,800. महिन्याचे 26 दिवस धरायचे, म्हणजे दिवसाचे 800 झाले. एका वर्षाच्या नोकरीला 15 दिवसांचे पैसे, म्हणजे 12,000. इथपर्यंत कंपनीचं आणि माझं एकच होतं. भांडण वर्षांवर होतं. त्यांनी 10 वर्षं धरली, माझ्या हिशेबाने 12 होत होती.

मी कामाला लागलो 8 जुलै 2013 ला. पहिले चौदा महिने 'ट्रेनी' म्हणून हजेरी लागायची आणि कायम केल्याचं पत्र 1 सप्टेंबर 2014 चं आहे. कंपनीने त्या पत्रापासून मोजलं, तर बरोबर 10 वर्षं 6 महिने होतात. सहा महिन्यांच्या वर एक दिवस जरी असता तरी पूर्ण वर्ष धरावं लागलं असतं. बरोबर सहाच महिने असल्याने ते सुटले. खऱ्या तारखेपासून मोजलं तर 11 वर्षं 7 महिने आणि वर काही दिवस, म्हणजे 12. फरक 24,000 चा.

साहेबांचं म्हणणं, ट्रेनी म्हणजे अ‍ॅप्रेंटिस आणि अ‍ॅप्रेंटिसला ग्रॅच्युइटी नाही. पण मी अ‍ॅप्रेंटिस नव्हतो. माझी तशी कुठे नोंदणी नव्हती, शिकवायला कोणी नव्हतं, पहिल्या दिवसापासून माल उतरवून घेऊन रजिस्टर भरत होतो. हे सिद्ध कसं करायचं? जुन्या स्लिपा पावसात गेल्या होत्या. शेवटी मुलाने पीएफच्या साइटवर यूएएनने लॉगिन केलं, View मध्ये Service History उघडलं, आणि तिथे DOJ EPF समोर 08-07-2013 दिसलं. पीएफ पहिल्या महिन्यापासून कापलेला होता!

ते पान छापलं, ग्रॅच्युइटी मागण्याचा फॉर्म 'आय' भरला, सोबत अर्ज जोडला आणि दुसऱ्या प्रतीवर कंपनीची पोच घेतली. गेटवरचा माणूस शिक्का द्यायला तयार नव्हता, तासभर थांबलो पण पोच घेऊनच निघालो. दोन महिन्यांनी उरलेल्या 24,000 चा चेक आला. तीस दिवसांच्या वरच्या उशिराचं व्याज मात्र दिलं नाही. त्यासाठी पुढे जावं की नाही, हे अजून ठरत नाहीये.

तुमच्यापैकी कोणाची वर्षं अशी कमी धरली गेली होती का? पीएफचा काही घोळ झाला होता का? अनुभव लिहा. आकडे असतील तर आकड्यांसकट लिहा.

घणसोलीकर

चांगला धागा. पण 26 ने का भागता? महिना 30 दिवसांचा. 15 दिवस म्हणजे सरळ अर्धा पगार. आमच्या ऑफिसात मी सगळ्यांना असंच सांगत आलोय. आणि पीएफचं तर सोपं आहे, आपले 12 टक्के आणि कंपनीचे 12 टक्के, दोन्ही आपल्या खात्यात जमा.

वही_खतावणी

घणसोलीकर, दोन्ही ठिकाणी थोडी गल्लत आहे. मी बावीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांचे पगार करतोय. ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असलेल्या ठिकाणी भागायचं ते 26 नेच, कारण महिन्याचे चार रविवार सोडून कामाचे दिवस धरले आहेत. 30 ने भागलं तर रबाळे_स्टोअर यांना वर्षाला 12,000 ऐवजी 10,400 मिळाले असते. बारा वर्षांत 19,200 कमी. कृपा करून ऑफिसात सांगितलेलं दुरुस्त करा.

पीएफमध्ये तुमचे 12 टक्के पूर्ण तुमच्या खात्यात जातात, पण कंपनीचे पूर्ण जात नाहीत. त्यातले 8.33 टक्के पेन्शनकडे वळतात. बहुतेक कंपन्या 15,000 ची मर्यादा धरून कापतात. म्हणजे तुमचे 1,800 आणि कंपनीचे 1,800. त्या दुसऱ्या 1,800 मधले 1,250 पेन्शनला गेले की खात्यात उरतात 550. पासबुकात महिन्याला 2,350 वाढतात. लोक 3,600 शोधत बसतात आणि कंपनीने पैसे खाल्ले म्हणतात. पासबुकात पेन्शनचा वेगळा रकाना आहे, तोही पाहावा.

रबाळे_स्टोअर यांनी केलं ते अगदी योग्य केलं. ग्रॅच्युइटीसारखी पाच वर्षांची अट पीएफला नाही, पहिल्या दिवसापासून लागतो, म्हणून नोकरीचा पहिला दिवस बहुधा तिथेच सापडतो. पण एक सावध करतो. काही ठिकाणी मालक सुरुवातीचे महिने पीएफ कापतच नाहीत. अशा वेळी DOJ EPF उशिराची दिसते आणि तोच कागद उलटा आपल्यावर येतो. मग हजेरीकार्ड, ईएसआयचा नंबर, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, जे हाती लागेल ते काढावं.

ऐरोलीची_संध्या

माझं वर्षांचंच दुखणं आहे, पण वेगळं. आयटीत होते, आठवड्याला पाच दिवस काम. 11 जून 2018 ला लागले, 26 एप्रिल 2023 शेवटचा दिवस. चार वर्षं साडेदहा महिने. एचआरने एका ओळीत कळवलं, पाच पूर्ण नाहीत म्हणून काही नाही. माझा बेसिक 41,600 होता, म्हणजे 1,20,000 गेले. तेव्हा माझी आई आजारी होती, मी वाद घातला नाही. आता वाटतं, घालायला हवा होता का?

वही_खतावणी

संध्याताई, घालायला हवा होता. कायद्यात सलग वर्ष 240 दिवसांचं आहे, आणि सहा दिवसांपेक्षा कमी आठवडा असेल तिथे 190 दिवसांचं. तुमच्या पाचव्या वर्षात पगारी रजा धरून 190 च्या वर सहज होतात. या आधारावर मद्रास उच्च न्यायालयाने कामगाराच्या बाजूने निकाल दिलेला आहे. पण हा मुद्दा सगळीकडे एकसारखा मानला जात नाही, कंपन्या 'पूर्ण पाच' वर अडून बसतात. म्हणून पैसे नक्की मिळालेच असते असं मी म्हणणार नाही. उशीर झाला म्हणून अर्ज आपोआप बाद होत नाही, उशिराचं पटण्यासारखं कारण द्यावं लागतं. आईचं आजारपण हे कारण आहेच. आधी कंपनीला फॉर्म 'आय', नकार आला किंवा उत्तरच नाही तर ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या कंट्रोलिंग अथॉरिटीकडे फॉर्म 'एन'. एखाद्या कामगार वकिलाला कागद दाखवा.

ऐरोलीची_संध्या

नोटीस पिरियडचे शेवटचे पंचेचाळीस दिवस मी पैसे भरून सोडवून घेतले होते. ते काम केलं असतं तर पाच वर्षं भरली असती. हे तेव्हा एकानेही सांगितलं नाही.

नौपाडा_काका

आमच्या सोसायटीचा वॉचमन चौदा वर्षं आहे. त्याला ग्रॅच्युइटी सोसायटीने द्यायची का? यंदाच्या वार्षिक सभेत विषय येणार आहे.

वही_खतावणी

काका, तो एजन्सीच्या पगारपत्रकावर असेल तर आधी एजन्सीला विचारा. सोसायटीच्याच पगारावर असेल तर प्रश्न दहा माणसांचा येतो. कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला लागतो, तुमच्याकडे तिघेच असतील. कायद्याने नसलं तरी सभेने ठराव करून द्यायला कोणी अडवत नाही. चौदा वर्षं रात्री जागलेल्या माणसाला द्यावं असं मला मनापासून वाटतं.

कळव्याची_ताई

माझे यजमान गेले तेव्हा त्यांना त्या कंपनीत 2 वर्षं 8 महिने झाले होते. दिरांनी सांगितलं, पाच वर्षं नाहीत, ग्रॅच्युइटीचं नावच काढू नका. मी सहा महिने गप्प बसले. मग शेजारच्या काकूंच्या मुलीने सांगितलं की माणूस गेला तर पाच वर्षांची अट नसते. तीन वर्षांचे पैसे मिळाले, कारण आठ महिने सहाच्या वर होते.

पीएफला मात्र फार दमले. नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव, लग्नाच्या आधी भरलेलं. लग्नानंतर ते नॉमिनेशन चालत नाही हे मला ऑफिसात कळलं, पण कागद जमवण्यात चार महिने गेले. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, बँकेचा रद्द चेक. पैसे आले, विम्याचे वेगळे आले आणि विधवा पेन्शन सुरू झालं. बायांनो, नवऱ्याचं ई-नॉमिनेशन झालंय का, आज रात्री त्यांच्याच मोबाइलवर बघा. आमच्याकडे होईल होईल म्हणताना राहून गेलं.

दिघ्याचा_फिटर

माझा अनुभव पेन्शनचा. पहिल्या कंपनीत सहा वर्षं केली. सोडल्यावर पीएफ काढला आणि सोबत 10सी भरून पेन्शनचेही काढले. हातात वीस-बावीस हजार जास्त आले, मोटारसायकलचे हप्ते फिटले. पुढच्या ठिकाणी सात वर्षं झाली. मला वाटलं तेरा झाली, पेन्शनची दहा वर्षांची अट पार. पण काढलेली सहा गेली, माझी सातच धरतात. 10सी वरच पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, म्हणजे ती वर्षं शिल्लक राहतात. फॉर्म भरणाऱ्या एजंटने विचारलंसुद्धा नाही. आता अजून तीन वर्षं काढायची आहेत, गुडघे दुखतात.

घणसोलीकर

26 चं समजलं, उद्या सांगतो सगळ्यांना. पण नव्या कायद्यात तर म्हणे एका वर्षातच ग्रॅच्युइटी मिळते. मग संध्याताईंचा प्रश्नच मिटला की!

वही_खतावणी

नाही हो, मिटला नाही. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. त्यात एक वर्षाचं आहे ते ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना, जितकी नोकरी तितक्या प्रमाणात. कायम कामगाराला पाच वर्षं तशीच आहेत. आणि संध्याताईंनी 2023 ला सोडलंय, त्यांना जुनाच कायदा. मोठा बदल वेगळा आहे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असले तर वरचा भाग वेतनात धरायचा. बेसिक मुद्दाम आठ-नऊ हजारांवर ठेवून बाकी भत्त्यांत देणाऱ्यांचा ग्रॅच्युइटीचा आकडा त्यामुळे वाढतो. आमच्याकडे याच हिशेबाची सध्या रात्र रात्र बसून मांडणी चालू आहे.

रबाळे_स्टोअर

फिटरदादा, मीही 10सी भरणारच होतो, थांबलो हे बरं झालं. मला दहाच्या वर वर्षं आहेत, मग 10सी भरून पेन्शनचे पैसे काढताच येत नाहीत, बरोबर ना?

वही_खतावणी

बरोबर. दहा झाली की पेन्शनच घ्यायचं, पैसे काढता येत नाहीत. तुमच्या Service History मध्ये DOJ EPS ही पेन्शनला लागल्याची तारीखही 08-07-2013 च आहे ना, ती एकदा बघा. दोन तारखा वेगळ्या असलेले लोक मी पाहिलेत.

रबाळे_स्टोअर

आत्ताच मुलाला बघायला सांगितलं. DOJ EPS समोर 01-09-2014 आहे.