‘टेम्परन्स’च्या पत्त्याला ‘संयम’ म्हणावे का?

चोपडेकर वाचक
टॅरोमधल्या चौदाव्या पत्त्याला, म्हणजे टेम्परन्सला, मराठीत सर्रास ‘संयम’ म्हणतात. माझ्या मैत्रिणीचा चार महिन्यांपूर्वी पुनर्विवाह झाला. तिचे भुसावळला शिवणकामाचे दुकान आहे आणि हातात रोजचा पैसा येतो. यजमान पाचोऱ्याकडचे, कापसाची शेती, पहिल्या पत्नीपासूनची बारा वर्षांची मुलगी आणि घरात सासूबाई. ‘या दोन संसारांचा मेळ कसा बसेल?’ असे विचारून तिने एकच पत्ता काढून घेतला, तो टेम्परन्सचा, सुलटा. वाचणाऱ्या बाईंनी ‘संयम ठेवा’ एवढेच सांगितले आणि मैत्रिणीने त्याचा अर्थ ‘तोंड मिटून राहा, दुकान आवरते घ्या’ असा लावला. मला हा अर्थ पटत नाही. या पत्त्याला नेमका कोणता शब्द शोभेल?

अमळनेरकर
‘संयम’ अपुराच आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ योग्य प्रमाणात मिसळणे असा आहे, त्यामुळे ‘मिश्रण’ किंवा ‘एकजीव होणे’ म्हणावे. आपल्याकडच्या कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि उडीद एकत्र दळतात, त्यात कोणते पीठ कुठले हे नंतर कोणी विचारत नाही. आपल्या मैत्रिणीला हेच सांगा, की आता वेगळेपण उरू नये.

नंदुरबारची ताई
माझ्या माहितीप्रमाणे इंग्रजीत या शब्दाचा अर्थ दारू सोडणे असाही होतो. माझ्या यजमानांसाठी मी पत्ता काढला होता तेव्हा हाच आला, आणि आता सुटेल असे मी धरून चालले. अजून सुटलेली नाही. म्हणून विचारते, ताईंच्या मैत्रिणीच्या घरात तसा काही प्रश्न आहे का?

तापीकाठ
ताई, दारूबंदीच्या चळवळीने तो शब्द उचलला हे खरे, पण पत्ता त्याहून फार जुना आहे. मार्सेय पद्धतीच्या जुन्या संचातही एका सुरईतून दुसऱ्या सुरईत ओतणारी पंखवाली आकृती आहे, आणि ते वाइनमध्ये पाणी मिसळणे आहे असे परंपरेने मानतात. तिथे मद्य टाकून दिलेले नसून सौम्य केलेले आहे. आपल्या घरच्या प्रश्नाचे उत्तर या पत्त्यावर सोडू नये असे मला मनापासून वाटते. त्यासाठी डॉक्टर आणि व्यसनमुक्ती केंद्र हाच मार्ग आहे.

अमळनेरकर भाऊ, मिसळण्यापर्यंत आपले बरोबर आहे, पण ‘एकजीव’ इथे चित्र साथ देत नाही. 1909 मध्ये लंडनला निघालेल्या संचातले, पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेले चित्र समोर ठेवा, कारण बहुतेकांच्या हाती तेच असते. देवदूताच्या हातात दोन पेले आहेत आणि पाणी एकातून दुसऱ्यात तिरपे जाते आहे. पेले मात्र दोनच राहतात. तिसरे मोठे भांडे, ज्यात दोन्ही रिकामे करून टाकावेत, चित्रात कुठेच नाही. एक पाय पाण्यात आहे, दुसरा जमिनीवर. मागे एक वाट डोंगराकडे जाते, म्हणजे पोचायला अवकाश आहे.

पत्ता एकटा असताना शेजारचे पत्ते अर्थाला आधार देत नाहीत. तेव्हा प्रश्न आणि चित्र एवढ्यावरच भागवावे लागते. मी आधी दोन पेले कोणते हे विचारतो, मग त्यांतले वाहण्याजोगे काय आणि पेला म्हणून जपायचे काय, हे वेगळे काढतो. आपल्या मैत्रिणीच्या बाबतीत एक पेला रोजच्या पैशाचा आहे आणि दुसरा हंगामी पैशाचा, कारण कापसाचे पैसे दसरा-दिवाळीच्या वेचणीनंतर हातात येतात आणि जून ते सप्टेंबर खत, फवारणी, निंदणी यांवर नुसता खर्च असतो. वाहण्याजोगे आहे ते घरखर्चाचा वाटा, संध्याकाळचा वेळ, मुलीच्या अभ्यासाकडे लक्ष. दुकान हा मात्र पेलाच आहे, आणि मुलीच्या मनातली आईची जागा हाही पेलाच आहे. हे दोन्ही ओतून टाकायचे नसतात. 1909 चा तो संच आखणाऱ्या आर्थर वेट यांनी या पत्त्याच्या अर्थांत काटकसर, व्यवस्थापन आणि जुळवून घेणे हे दिलेले आहे. घर चालवणाऱ्याला यातले व्यवस्थापन नीट कळते, ‘संयम’ म्हटले की ते निसटते.

बिघाड ओळखण्याची खूण एकच सांगतो. पावसाळ्यात दुकानाचा पैसा शेताकडे गेला, तर वेचणीनंतर त्यातला काही दुकानाकडे परत येतो का, हे पाहावे. परत येत नसेल तर एक पेला रिकामा होतो आहे. उलट्या पत्त्याला वेट यांनी दुभंग, परस्परविरोधी हितसंबंध आणि न जमलेले मेळ हे अर्थ दिले आहेत. पत्ता सुलटा आला म्हणून त्या बाजूकडे डोळेझाक करू नये, एवढेच.

शहाद्याची सूनबाई
आपले विवेचन आवडले, पण एक शंका आहे. ‘लव्हर्स’च्या पत्त्यावर दोन माणसे आहेत, पेल्यांच्या दुग्गीवरही स्त्री आणि पुरुष आपापला पेला धरून समोरासमोर उभे आहेत. टेम्परन्सवर दोन्ही पेले एकाच्याच हातात आहेत. आमच्याकडच्या घरांत तो एकटा कोण असतो हे सांगायला पत्त्याची गरज नाही. मग हा पत्ता भागीदारीचा कसा म्हणावा?

तापीकाठ
सूनबाई, प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. मी ती आकृती कोणा एका व्यक्तीची न मानता दोघांत ठरलेल्या व्यवहाराची मानतो, म्हणजे दरमहा बसून हिशेब मांडण्याची जी रीत पडते तिची. पण विचारणारी एकटी असली आणि पत्ताही एकटाच असला, तर ती स्वतःलाच देवदूत समजून सगळे ओतणे आपल्या अंगावर घेते, हा धोका खरा आहे. म्हणून मी वाचताना दुसरा पेला नवऱ्याने स्वतः कधी कलता केला याचे एक तरी उदाहरण मागतो. उदाहरण निघालेच नाही, तर पत्त्याला भागीदारीचा अर्थ देण्याचे मी टाळतो. दुसरे वाचक असे करतीलच असे नाही.

अमळनेरकर
दोन पेले दोनच राहतात हे मान्य, ‘एकजीव’ मागे घेतो. मग ‘सांगड’ कसा वाटतो? नदी उतरायला दोन भोपळे किंवा दोन होड्या एकत्र बांधत, त्याला सांगड म्हणत. दोन्ही वेगळे राहतात आणि एकत्र तरंगतात.

तापीकाठ
शब्द देखणा आहे, पण सांगड एकदा बांधली की घट्ट बसते, आणि इथे पाणी सतत वाहते आहे. मी स्वतः ‘मेळ’ म्हणतो आणि वाचताना त्याला ‘सावकाश’ जोडतो. तोही पुरता बसतो असे नाही.

चोपडेकर वाचक
मैत्रिणीला दुकानाचा आणि मुलीच्या आईचा मुद्दा आज फोनवर सांगितला. यजमानांनी पेला कलता केल्याचे उदाहरण विचारले, तर ती थोडी थांबून म्हणाली, की गुरुवारी दुकानात गर्दी असते म्हणून ते मुलीला शाळेतून आणायला स्वतः जातात. पैशाचे मात्र तिने काही सांगितले नाही. ‘किती महिने लागतील?’ हे जाणून घ्यायला तिला आणखी एक पत्ता काढायचा आहे. काढू द्यावा का?

तापीकाठ
महिन्यांचा आकडा या पत्त्यातून निघत नाही, आणि त्याच प्रश्नावर दुसरा पत्ता काढला तर पहिला झाकला जातो. पैशाबद्दल ती गप्प का राहिली ते आधी तिलाच विचारा. नंतर हवा असेल तर वेगळा प्रश्न घेऊन काढावा, आणि तोही वेचणीनंतर.

शहाद्याची सूनबाई
माझे मत वेगळे आहे. काढू द्या, पण या वेळी यजमानांना शेजारी बसवून, आणि पत्ता त्यांच्या हातून.