पैसे थांबवल्याचं पत्र: सगळे रोखावे की थोडे?

सचिव, दारव्हा: आमच्या शेतकरी कंपनीच्या दाळ मिलसाठी 3 जूनला तूरडाळीच्या छापील पिशव्या आल्या. बिल 84,960, त्यात जीएसटी 12,960. बिलावर आमचा जीएसटी नंबर नाही, फूड ग्रेडचा दाखलाही नाही. आज 12 तारीख. मी लिहिलं, "कागदपत्रे अपूर्ण असल्याने पेमेंट होल्डवर आहे, त्वरित पूर्तता करावी." माणूस चांगला आहे, नातं तुटू नये. बरोबर आहे का?

हिशेबनीस, यवतमाळ: कोणते कागद, हे त्यात कुठंच नाही. तो वाट पाहत बसेल, तुम्हीही. माझं मत, 72,000 देऊन टाका, फक्त कराचे 12,960 रोखा. नंबर नसेल तर बिल तुमच्या टू-बीत, म्हणजे कराची वजावट मिळणाऱ्या बिलांच्या यादीत, दिसणार नाही, नुकसान तेवढंच.

प्रतिभाताई, कारंजा: नाही पटलं. दाखल्याशिवाय त्या पिशव्यांत डाळ भरताच येत नाही, मग 72,000 कशाचे? परवाना आपला असतो. मला एकदा दाखला आला तो दुसऱ्याच फिल्मचा. पैसे आधीच गेले होते, नंतर कोणी फोन उचलेना.

तूरवाला, मानोरा: माझ्या तुरीचे पैसे व्यापाऱ्यानं असेच दीड महिना अडवले. आज सातबारा, उद्या पासबुक. कायले अडवता राजेहो?

सचिव, दारव्हा: भाऊ, इथं आम्ही घेणारे आहोत. पण एकेक कागद मागायचा नाही, हे पटलं.

नवा अकाउंटंट: पैसे द्यायला 45 दिवस असतातच की, घाई कशाला?

हिशेबनीस, यवतमाळ: 45 दिवस लेखी करार असेल तरच. पुरवठादार उद्यम नोंदणीवाला छोटा उत्पादक असेल आणि करार नसेल, तर 15. मालाबद्दलची हरकतही माल आल्यापासून 15 दिवसांत लेखी द्यावी लागते, म्हणजे 18 जूनपर्यंत. फोनवरचं बोलणं धरत नाहीत. ताई, दाखल्याबाबत तुमचं मान्य. पत्र असं करा:

"नमस्कार. 3 जूनच्या पिशव्या मोजून मिळाल्या, नग बरोबर आहेत. 84,960 रुपयांचे बिल दोन कागदांसाठी थांबले आहे. एक, आमचा जीएसटी नंबर घातलेले दुरुस्त बिल. जूनचे रिटर्न भरण्याआधी, म्हणजे 11 जुलैपूर्वी द्यावे. दोन, याच फिल्मचा एनएबीएल प्रयोगशाळेचा फूड ग्रेड दाखला. तो येईपर्यंत पिशव्या वापरणार नाही. दोन्ही मिळाल्यावर तीन कामाच्या दिवसांत पूर्ण रक्कम जमा करू. अडचण असल्यास मला थेट फोन करावा."

प्रतिभाताई, कारंजा: बॅच नंबरही मागा, नाहीतर जुनाच दाखला येतो. आणि तीन दिवस लिहिलेत तर पाळा.

नवा अकाउंटंट: दाखला नाही ही मालाची हरकत धरू. पण बिलावर नंबर नाही, ही मालाची हरकत कशी?

हिशेबनीस, यवतमाळ: तिथं मलाही खात्री नाही. म्हणून तर कराचाच भाग रोखा म्हणत होतो. दाखला आधी आला, तर 72,000 लगेच सोडा.

प्रतिभाताई, कारंजा: मी तरी दोन्ही कागद हातात आल्यावरच सोडीन.

सचिव, दारव्हा: बॅच नंबर घालून आजच पाठवतो. 72,000चं संचालकांना विचारतो.