जोडीदार गेल्यावर लगेच "दुसरं लग्न कर" सुरू झालं, तेव्हा काय बोललात?

सांगलीकर
बायको पावसाळ्यात गेली, मुलगी चार वर्षांची. तेराव्याला पंगत उठत होती तेवढ्यात आत्याने बाजूला घेतलं, "एक मुलगी बघितलीय, वर्षाच्या आत उरकून टाकू, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल." आमच्याकडे असं म्हणतातच. आता रोज कुणाचा ना कुणाचा फोन. एक लक्षात आलं, कारण दिलं की त्याला उत्तर तयारच असतं. पोरगी लहान आहे म्हटलं तर म्हणूनच आई पाहिजे, मन नाही म्हटलं तर लग्न झालं की लागेल मन. म्हणून कारण देणंच बंद केलं. एकच वाक्य, सगळ्यांना, आवाज न चढवता: "वर्षश्राद्ध होईपर्यंत मी या विषयावर बोलणार नाही, त्यानंतर मी स्वतः तुमच्याकडे येईन." व्हॉट्सॅपवर बायोडाटा आला तर त्याखाली हेच पेस्ट करतो, मुलगी कशी आहे वगैरे एक शब्द नाही, कारण "चांगली वाटते" म्हटलं की पुढच्या रविवारी पोहे. एकच गोष्ट मात्र खडसावून सांगितली, पोरीसमोर "नवी आई" हा शब्द काढायचा नाही. तुमचे अनुभव लिहा.

रात्रपाळी
माझ्या सासरी दिराशी लावून द्यायचं चाललं होतं. मी आधी दिरालाच एकट्याला गाठून विचारलं, भाऊजी तुम्हाला पाहिजे का हे? तो बिचारा माझ्याहून जास्त घाबरलेला, त्याचं कॉलेजातल्या मुलीशी जमलेलं. मग सासऱ्यांना त्यानेच सांगितलं, मी तोंड उघडलं नाही. पण खरी भीती वेगळी होती, नातू घेऊन मी माहेरी जाईन आणि जमिनीत वाटा मागेन. म्हणून एका संध्याकाळी चहा देताना म्हटलं, "मामा, मी पोराला घेऊन कुठे चालले नाही, शाळा इथेच. शेताचं काय ते आपण नंतर वेगळं बसून बोलू." लग्नाचा विषय त्यानंतर निम्म्याने कमी झाला. पूर्ण नाही, नणंद अजून अधूनमधून काढते.

गप्पू७७
ताई एक लक्षात ठेवा, दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याची पेन्शनही जाते आणि इस्टेटीतला हक्कही जातो. घरच्यांना हेच सांगा, आपोआप गप्प बसतील.

निवृत्त हेडक्लार्क
गप्पू, अर्धं बरोबर. पीएफवाली ईपीएस 95 ची विधवा पेन्शन पुनर्विवाहानंतर थांबते, मुलांची मात्र चालू राहते, वय 25 होईपर्यंत. सरकारी नोकरीतल्यांचे नियम वेगळे, ज्या खात्याची पेन्शन त्यांनाच विचारा. पण इस्टेट जाते हे जुन्या 1856 च्या कायद्यातलं, तो 1983 ला रद्द झाला. हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याचा जो हिस्सा बाईला मिळाला तो तिचाच, नंतर लग्न केलं म्हणून कुणी परत घेऊ शकत नाही. सासरे हयात आहेत आणि मिळकत त्यांनी स्वतः कमावलेली असेल तर गणित निराळं, तिथे वकील लागेल. आणि रात्रपाळी, शेताचं "नंतर बोलू" ठीक, पण मधल्या काळात कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं तर सही नको. लग्न जमवायच्या गडबडीत "बाकीचं पण मिटवून टाकू" म्हणून तो कागद हळूच येतो, मी टेबलावर बघितलंय.

किनारा
माझं उलट आहे. आई गेली आणि बाबाच, 68 व्या वर्षी, लग्न करायचं म्हणतात. त्यांना शांतपणे नाही कसं सांगायचं?

रात्रपाळी
किनारा, मग इथे दबाव टाकणारे तुम्ही झालात ना. बाबांनाच लिहू द्या की इथे 😀

डोंबिवली फास्ट लोकल
थोडं वेगळं बोलते, रागावू नका. मी आठ महिन्यांत केलं दुसरं लग्न. आई मागे लागली होती हे खरं, पण मलाही पाहिजे होतं. स्थळ बघताना पहिल्याच भेटीत सांगायचे, पहिल्या सासूबाई माझ्याकडे येणार-जाणार, नवऱ्याचं वर्षश्राद्ध मी करणार, फोटो भिंतीवर राहील. दोन जण तिथेच उठून गेले. तिसऱ्याने विचारलं, "फोटो कुठल्या भिंतीवर लावू?" त्याच्याशीच केलं. तेव्हा सांगलीकर, वर्षभर थांबायचंच असं काही नसतं, आत्याचं कॅलेंडर नको तसं तुमचंही फार घट्ट नको.

सांगलीकर
पटतंय थोडंफार. माझी अडचण वेगळीच, वर्षश्राद्धानंतर "येईन" म्हणून बसलोय आणि आत्याने ती तारीख कालनिर्णयावर गोल करून ठेवलीय. तेव्हाही नाहीच म्हणायचं असेल तर?

निवृत्त हेडक्लार्क
जायचं तर नक्की. दिलेला शब्द पाळलात तरच पुढची मुदत मिळते. जाऊन "अजून नाही" एवढंच सांगा, आणि शक्यतो आत्याचे यजमान घरी असताना जा.