१२ जीबी कार्डावर चौघांचं चॅट मरतंय, मॉडेल बदलू का?

संथ_वाहते: लामा २ चं ७बी मॉडेल ४-बिटमध्ये चालवतो. सुरुवात झकास होते, पण चौघांची संभाषणं लांबली की मेमरी संपते. नवीन कार्ड घेणार नाही, खर्च शून्य. काय करू?

पिंट्या७७: २४ जीबीचं सेकंडहँड कार्ड घे. मी घेतलं, दोन वर्षं डोकेदुखी नाही.

संथ_वाहते: शून्य म्हणालो ना हो!

अभ्यंकर_काका: रॅम वाढवा. माझा पीसी १६ चा ३२ केला, एक्सेल पळायला लागलं.

खोडरबर: काका, इथे ग्राफिक्स कार्डाची मेमरी चाललीये. लामा ३ चं ८बी घे, त्यात जीक्यूए, म्हणजे ग्रूप्ड-क्वेरी अटेन्शन आहे. मॉडेलच लहान होतं त्याने.

रात्रपाळी: मॉडेल लहान होत नाही रे, उलट ८बी जरा मोठंच आहे. लहान होतो तो केव्ही कॅशे. मजकुराचा प्रत्येक नवा तुकडा, म्हणजे टोकन, आधीच्या सगळ्या टोकनांच्या की आणि व्हॅल्यू बघतो, म्हणून त्या जपून ठेवाव्या लागतात. क्वेरी त्या क्षणापुरती लागते, ती साठवत नाहीत. हे काम प्रत्येक थरात अनेक हेड समांतर करतात. लामा २ ७बीमध्ये ३२ क्वेरी हेड आणि ३२ केव्ही हेड. लामा ३ ८बीमध्ये क्वेरी ३२च, पण चार-चार मिळून एक केव्ही हेड वापरतात, म्हणजे ८. हाच जीक्यूए.

हिशोब: की आणि व्हॅल्यू असे 2, एका हेडमध्ये 128 आकडे, प्रत्येक आकड्याला 2 बाइट. लामा २ मध्ये

```
2 × 32 थर × 32 हेड × 128 × 2 बाइट = 512 KB
```

एका टोकनला. चौघांचे प्रत्येकी ४०९६ टोकन धरले तर ८ जीबी, वर वेट्सचे जवळपास ४. झालं १२! लामा ३ ला एका टोकनला १२८ KB, म्हणजे तेवढ्याच टोकनांना २ जीबी.

खोडरबर: मग `config.json` मध्ये `num_key_value_heads` ३२ चं ८ करायचं, मॉडेल कशाला बदलायचं?

रात्रपाळी: करून बघ, वेट्सचे आकार जुळणार नाहीत, लोडच होणार नाही. २०२३ च्या जीक्यूए पेपरमध्ये गटातल्या हेडांची सरासरी काढली आणि मूळ प्रशिक्षणाच्या ५% इतकं पुन्हा शिकवलं, तेव्हा जमलं.

पिंट्या७७: एकच हेड ठेवला तर? अजून वाचेल.

रात्रपाळी: तो एमक्यूए, म्हणजे मल्टी-क्वेरी अटेन्शन, २०१९ चा. दर्जा घसरू शकतो, म्हणून तर हा मधला मार्ग. आणि मराठी असेल तर लामा ३ ला त्याच मजकुराला टोकनही कमी लागतात.

अभ्यंकर_काका: म्हणजे रॅम नको?

संथ_वाहते: पटलं, काल लोड झाल्यावर ४ आणि मरताना ११.८ का दिसत होतं ते आज कळलं. पण माझं लामा २ आमच्या कागदपत्रांवर फाइनट्यून केलंय, ते परत करायला वेळ नाही. चौघांऐवजी दोघांनाच एका वेळी सोडतो.

पिंट्या७७: म्हणजे बाकीचे दोघे रांगेत? कार्ड घे रे बाबा.